मोटार कपॅसिटरसारखी का वागते: यांत्रिक, विद्युत आणि औष्णिक प्रणालींसाठी एकच परिपथ

एक वस्तुमान घ्या, ते स्प्रिंगने भिंतीला जोडा, त्याच्या हालचालीला विरोध करणारा एक डॅम्पर बसवा आणि त्यावर बाहेरून बल लावा. न्यूटनच्या नियमानुसार लावलेले बल तीन कामांत वाटले जाते: वस्तुमानाचा वेग बदलण्यात, डॅम्परमधल्या घर्षणावर मात करण्यात आणि स्प्रिंग ताणण्यात. वेगाला `v` म्हटले तर समीकरण असे होते:

```
m·dv/dt + c·v + k·∫v dt = F
```

आता इंडक्टर, रोध आणि कपॅसिटर एकामागोमाग जोडून त्यांना व्होल्टेज द्या. त्या परिपथाचे समीकरण असे आहे:

```
L·di/dt + R·i + (1/C)·∫i dt = V
```

दोन्हींमधली अक्षरे सोडली तर फरक काही उरत नाही. वस्तुमानाच्या जागी इंडक्टर, घर्षणाच्या जागी रोध, स्प्रिंगच्या लवचीकतेच्या जागी कपॅसिटर, बलाच्या जागी व्होल्टेज आणि वेगाच्या जागी विद्युतप्रवाह ठेवला की एका समीकरणाचे उत्तर दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडते. याला बल-व्होल्टेज साधर्म्य म्हणतात आणि ते मॅक्सवेलच्या नावाने ओळखले जाते.

येथे थांबले असते तर विषय सोपा होता. परंतु तेच तीन विद्युत घटक समांतर जोडले आणि त्यांना ठरावीक प्रवाह दिला, तर मिळणारे समीकरणही त्याच साच्यातले असते:

```
C·dv/dt + (1/R)·v + (1/L)·∫v dt = I
```

या वेळी `v` म्हणजे व्होल्टेज आहे. म्हणजे वस्तुमानाची जोडी कपॅसिटरशी लागते, स्प्रिंगची इंडक्टरशी, बलाची विद्युतप्रवाहाशी आणि वेगाची व्होल्टेजशी. हे बल-प्रवाह साधर्म्य. त्याचा पद्धतशीर पुरस्कार अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९३३ मध्ये केला. गणिताच्या दृष्टीने दोन्ही साधर्म्ये बरोबर आहेत. मग निवड कशावरून करायची, हा खरा प्रश्न आहे, आणि बहुतेक पाठ्यपुस्तके दोन तक्ते शेजारीशेजारी छापून तो वाचकावर सोडून देतात.

फायरस्टोन यांचा मुद्दा मोजमापाच्या कृतीकडे पाहिले की लगेच उमगतो. विद्युतप्रवाह मोजायचा असेल तर तार तोडून मधे अँमीटर बसवावा लागतो, कारण प्रवाह हा घटकाच्या आरपार जातो. व्होल्टेज मोजताना मात्र काहीही तोडावे लागत नाही, कारण ते दोन बिंदूंमधल्या फरकाचे माप आहे. आता यांत्रिक बाजूला या. एखाद्या सळईतले बल मोजायचे असेल तर ती सळई तोडून मधे बलमापक बसवावा लागतो, आणि वेग मोजायचा असेल तर बाहेरून दोन बिंदूंमधला सापेक्ष वेग पाहिला की पुरते. म्हणजे बल आणि प्रवाह या आरपार जाणाऱ्या राशी आहेत, तर वेग आणि व्होल्टेज या दोन टोकांमधल्या राशी आहेत. बल-प्रवाह साधर्म्य हा स्वभाव जपते, आणि त्यामुळे यंत्राच्या रचनेचा आराखडाही जपला जातो. यंत्रात जे समांतर जोडलेले आहे ते परिपथातही समांतर राहते, आणि एकामागोमाग जोडलेले एकामागोमागच राहते. बल-व्होल्टेज साधर्म्यात हे सगळे उलटते. सुरुवातीच्याच उदाहरणात स्प्रिंग आणि डॅम्पर वस्तुमान व भिंत यांच्यामध्ये शेजारीशेजारी होते, पण परिपथात मात्र ते एका रांगेत आले. दोन-तीन घटकांपर्यंत असे उलटे चित्र मनात सांभाळता येते. गिअर, लवचीक दांडे आणि चार-पाच वस्तुमाने आली की चूक करायला भरपूर वाव मिळतो, आणि जोडण्या एकमेकींना न ओलांडता कागदावर मांडता येत नसतील तर असा उलटा परिपथ काढताही येत नाही.

बल-प्रवाह साधर्म्यात एक नियम मात्र पाळावा लागतो, तो म्हणजे वस्तुमान दाखवणाऱ्या कपॅसिटरचे एक टोक नेहमी ग्राउंडला जोडलेले असले पाहिजे. न्यूटनच्या नियमातला वेग जमिनीच्या, अधिक काटेकोरपणे बोलायचे तर जडत्वीय चौकटीच्या, संदर्भात मोजलेला असतो, आणि परिपथातले ग्राउंड म्हणजे तीच चौकट. दोन वस्तुमानांमधल्या स्प्रिंगचा इंडक्टर खुशाल दोन बिंदूंच्या मधे टांगता येतो, कपॅसिटर टांगता येत नाही. कोणी काढलेल्या परिपथात वस्तुमानाचा कपॅसिटर अधांतरी दिसला तर आकडे तपासण्यापूर्वीच मांडणी चुकली आहे असे समजावे. या नियमातून एक सुंदर शोधही निघाला. दोन्ही टोके मोकळी असलेल्या कपॅसिटरला यांत्रिक जोडीदार नाही, ही उणीव केंब्रिजचे माल्कम स्मिथ यांनी हेरली आणि २००२ मध्ये तो जोडीदार मांडून दाखवला. दोन टोकांमधल्या सापेक्ष त्वरणाच्या प्रमाणात बल देणारे हे साधन इनर्टर म्हणून ओळखले जाते. २००५ मध्ये मॅक्लारेनने ते फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीत वापरले.

या साधर्म्याचा उपयोग पाहण्यासाठी स्थायी चुंबक असलेली, एकदिश प्रवाहावर चालणारी एक लहान मोटार घेऊ. तीत विद्युत, यांत्रिक आणि औष्णिक अशा तिन्ही बाजू एकत्र येतात. तिचे दोन मूलभूत नियम आहेत. दांडा फिरू लागला की टोकांमध्ये वेगाच्या प्रमाणात विरोधी व्होल्टेज तयार होते, आणि वळणातून प्रवाह गेला की त्याच्या प्रमाणात टॉर्क मिळतो:

```
E = Km·ω
T = Km·I
```

एसआय एकके वापरली तर दोन्हींतला स्थिरांक अगदी तोच असतो. उत्पादकाच्या माहितीपत्रकात वेगाचा स्थिरांक बहुधा व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे असा आणि टॉर्कचा स्थिरांक अँपिअरमागे मिलीन्यूटन-मीटर असा दिलेला असतो. वेगाच्या स्थिरांकाचा व्यस्त घेऊन एसआय एककांत रूपांतर केल्यावर दोन्ही जुळले नाहीत तर रूपांतर चुकले आहे, ही एक सोपी तपासणी ठरते.

टॉर्क म्हणजे प्रवाह आणि कोनीय वेग म्हणजे व्होल्टेज असे मानल्याबरोबर ही दोन समीकरणे आदर्श ट्रान्सफॉर्मरची होतात. व्होल्टेजचे रूपांतर व्होल्टेजसदृश राशीत होते, प्रवाहाचे प्रवाहसदृश राशीत, आणि गुणोत्तर ठरलेले असते. बल-व्होल्टेज साधर्म्य घेतले असते तर व्होल्टेज प्रवाहसदृश वेगाशी जोडले गेले असते आणि मधे गायरेटर नावाचा अपरिचित घटक आणावा लागला असता. म्हणून चुंबकीय तत्त्वावर चालणाऱ्या साधनांसाठी, म्हणजे मोटार आणि लाउडस्पीकर यांसाठी, बल-प्रवाह साधर्म्य सोयीचे पडते. कंडेन्सर मायक्रोफोनसारख्या स्थिरविद्युत साधनांत परिस्थिती नेमकी उलटी असते, आणि तेथे मॅक्सवेलचे साधर्म्य सरस ठरते. एकाच बाजूची कायमची तरफदारी करण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे.

ट्रान्सफॉर्मर मिळाला की यांत्रिक बाजूचे घटक विद्युत बाजूला आणून मांडता येतात. फिरत्या भागाचे जडत्व आघूर्ण `J` हे `J/Km²` एवढ्या कपॅसिटरसारखे दिसते आणि वेगाच्या प्रमाणात वाढणारे घर्षण `b` हे `Km²/b` एवढ्या रोधासारखे. उदाहरणासाठी हे आकडे घेऊ: पुरवठा १२ व्होल्ट, वळणाचा रोध १ ओहम, `Km` ०.०५, `J` ०.००००५ किलोग्रॅम-चौरस मीटर आणि `b` ०.००००५ न्यूटन-मीटर-सेकंद. वळणाचे इंडक्टन्स आपण वगळू, कारण अशा मोटारीत त्याचा परिणाम साधारण एका मिलीसेकंदात संपतो.

```
C = J/Km² = 0.00005/0.0025 = 0.02 F
R = Km²/b = 0.0025/0.00005 = 50 Ω
```

म्हणजे ही मोटार पुरवठ्याच्या दृष्टीने १ ओहमचा रोध आणि त्यापुढे ५० ओहमच्या रोधाशी समांतर असलेला २० मिलीफॅरडचा कपॅसिटर एवढीच आहे. बटण दाबताक्षणी रिकामा कपॅसिटर लघुपरिपथासारखा वागतो, त्यामुळे प्रवाह १२ अँपिअरवर उसळतो. सुरू होताना मोटार इतका प्रवाह का खेचते याचे हेच कारण आहे. नंतर सुमारे २० मिलीसेकंदांच्या कालस्थिरांकाने कपॅसिटर भरत जातो, म्हणजे दांडा वेग घेतो. काही भार नसेल तर शेवटी प्रवाह सुमारे ०.२४ अँपिअर राहतो आणि कपॅसिटरवर ११.७६ व्होल्ट उरतात. ते ०.०५ने भागले की वेग मिळतो: सेकंदाला २३५ रेडियन, म्हणजे मिनिटाला सुमारे २२५० फेरे.

हा कपॅसिटर केवळ कागदावरचा नाही, तो मल्टिमीटरने पाहता येतो. भाराविना फिरणाऱ्या मोटारीचा पुरवठा तोडा आणि तिच्या टोकांमधले व्होल्टेज पाहत राहा. ते एकदम शून्यावर जात नाही, तर कपॅसिटर आपल्या ५० ओहमच्या रोधातून रिकामा व्हावा तसे हळूहळू उतरते आणि एका सेकंदात साधारण ३७ टक्क्यांवर येते. पुरवठा तोडल्यावर तीच टोके एकमेकांना जोडली तर कपॅसिटर १ ओहममधून रिकामा होतो, आणि दांडा सुमारे शंभर मिलीसेकंदांत ब्रेक लागल्यासारखा थांबतो. मोटारीला विद्युत मार्गाने ब्रेक लावण्याची पद्धत हीच आहे, आणि परिपथ काढल्यावर ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता दांड्यावर ०.१ न्यूटन-मीटरचा भार द्या. टॉर्क म्हणजे प्रवाह, म्हणून हा भार कपॅसिटरशी समांतर जोडलेला २ अँपिअरचा प्रवाहस्रोत होतो. त्या बिंदूवर येणारा आणि जाणारा प्रवाह सारखा ठेवला की व्होल्टेज ९.८ येते, वेग सेकंदाला १९६ रेडियनवर उतरतो आणि पुरवठ्यातून सुमारे २.२ अँपिअर प्रवाह येतो. वळणात ४.८ वॅट आणि घर्षणात १.९ वॅट शक्ती वाया जाते, तर भाराला १९.६ वॅट मिळतात. ही बेरीज पुरवठ्याच्या २६.३ वॅटशी जुळते. ती जुळणे हा योगायोग नाही. वेग गुणिले टॉर्क आणि व्होल्टेज गुणिले प्रवाह हे दोन्ही गुणाकार वॅटमध्येच येतात, आणि आदर्श ट्रान्सफॉर्मर शक्ती निर्माणही करत नाही व गिळतही नाही.

वाया गेलेले वॅट उष्णता होऊन बाहेर पडतात, आणि येथे तिसरी बाजू सुरू होते. तापमान दोन बिंदूंमधला फरक म्हणून मोजले जाते आणि उष्णता आरपार वाहते. म्हणून तापमानाला व्होल्टेज आणि उष्णतेच्या प्रवाहाला विद्युतप्रवाह मानणे स्वाभाविक आहे. इतिहासात हे साधर्म्य आधी उलट्या दिशेने गेले होते. फूरियरने उष्णतावहनाचा सिद्धांत १८२२ मध्ये मांडला, आणि ओहमने १८२७ मध्ये विजेचा नियम मांडताना त्याच विचाराचा आधार घेतला. औष्णिक रोधाचे एकक केल्व्हिन प्रति वॅट असते, आणि उष्णताधारकता म्हणजे कपॅसिटर, त्याचे एकक जूल प्रति केल्व्हिन. या कपॅसिटरचेही एक टोक ग्राउंडलाच जाते, कारण एखादा तुकडा किती तापला हे त्याचे स्वतःचे तापमान ठरवते, शेजारच्या तुकड्याशी असलेला फरक ठरवत नाही.

मात्र या तिसऱ्या बाजूत दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या विसरल्या की हमखास घोटाळा होतो. पहिली म्हणजे उष्णतेच्या परिपथात इंडक्टर नसतो. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते आणि तिला स्वतःचा रेटा नसतो, म्हणून केवळ रोध व उष्णताधारकता असलेल्या वस्तूचे तापमान स्प्रिंगवरच्या वस्तुमानासारखे वरखाली झुलत नाही. तुमच्या प्रतिमानात ते झुलताना दिसले तर कुठेतरी चिन्ह उलटे पडले आहे, किंवा थर्मोस्टॅटसारखे नियंत्रण त्या परिपथात शिरले आहे. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. उष्णतेचा प्रवाह स्वतःच वॅटमध्ये असतो, त्यामुळे तापमान गुणिले उष्णतेचा प्रवाह म्हणजे शक्ती होत नाही. म्हणून विद्युत आणि औष्णिक बाजूंच्या मधे ट्रान्सफॉर्मर बसवता येत नाही. वळणातला `I²R` हा आकडा मोजून औष्णिक परिपथात तेवढा प्रवाह सोडणारा नियंत्रित स्रोतच तेथे बसवावा लागतो. उष्णतेऐवजी एन्ट्रॉपीचा प्रवाह घेतला तर गुणाकार पुन्हा वॅटमध्ये येतो, पण रोज लागणारे साधे औष्णिक रोध त्या पद्धतीत गुंतागुंतीचे होतात, म्हणून बहुतेक अभियंते पहिल्याच मार्गाने जातात.

आपल्या मोटारीसाठी वळण आणि कवच असे दोन औष्णिक बिंदू पुरतील. वळणाची उष्णताधारकता २० जूल प्रति केल्व्हिन, कवचाची २००, वळणापासून कवचापर्यंतचा रोध २ केल्व्हिन प्रति वॅट आणि कवचापासून हवेपर्यंतचा ५ धरू. बेअरिंगमधल्या घर्षणाची उष्णता थेट कवचात जाते असे मानू. हवेच्या तापमानाला ग्राउंड मानले तर तिन्ही बाजूंचे संपूर्ण प्रतिमान एन्जीस्पाइससारख्या परिपथ सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला एवढ्याच ओळींत देता येते:

```
* motor
V1  in  0   12
R1  in  n   1
Cm  n   0   20m
Rf  n   0   50
IL  n   0   2
B1  0   tw  I=I(V1)*I(V1)*1
Cw  tw  0   20
Rwh tw  th  2
B2  0   th  I=V(n)*V(n)/50
Ch  th  0   200
Rha th  0   5
.tran 0.1 5000 uic
.end
```

`n` या बिंदूचे व्होल्टेज ०.०५ने भागले की वेग मिळतो. `tw` आणि `th` या बिंदूंची व्होल्टेजे म्हणजे वळण व कवच हवेपेक्षा किती केल्व्हिनने जास्त तापले आहेत ते. स्थिर स्थितीत कवच ६.७ गुणिले ५, म्हणजे सुमारे ३४ केल्व्हिनने तापते, आणि वळण त्याहून आणखी सुमारे १० केल्व्हिनने. हवा ३० अंशांवर असेल तर वळण ७३ अंशांच्या आसपास जाते. दांड्याला वेग घ्यायला मिलीसेकंद पुरतात, पण कवच स्थिरावायला मात्र १८ मिनिटांच्या कालस्थिरांकाने तासभर लागतो. म्हणून मोटार दहा मिनिटे चालवून हात लावून पाहिली आणि ती गरम लागली नाही, एवढ्यावरून तिची निवड योग्य ठरत नाही.

औष्णिक बाजूला एकच कपॅसिटर ठेवून काम भागवण्याचा मोह येथे होतो, आणि त्याची किंमत दांडा अडकल्यावर कळते. अडकलेला दांडा म्हणजे `n` हा बिंदू ग्राउंडला जोडलेला. मग प्रवाह १२ अँपिअर होतो आणि वळणात १४४ वॅट उष्णता निर्माण होते. सगळी उष्णताधारकता एकत्र करून २२० धरली तर तापमान सेकंदाला जेमतेम ०.६५ केल्व्हिनने वाढताना दिसते आणि दोन मिनिटे हाताशी आहेत असे वाटते. प्रत्यक्षात सुरुवातीला ही उष्णता फक्त २० जूल प्रति केल्व्हिनच्या तांब्यात साठते, म्हणून तापमान सेकंदाला ७ केल्व्हिनहून अधिक वेगाने चढते आणि तारेवरचे इन्सुलेशन काही सेकंदांतच धोक्यात येते. तोपर्यंत कवच जवळपास थंडच असल्याने कवचावर बसवलेल्या तापमापकाला यातले काही कळत नाही.

दुसरी फट `IL` या ओळीत आहे. पुरवठ्याऐवजी शून्य व्होल्ट दिले तर हा प्रवाहस्रोत कपॅसिटर रिकामा करून तेथेच थांबत नाही, तर तो उलट्या दिशेने भरू लागतो, म्हणजे प्रतिमानातली मोटार भाराच्या जोरावर उलटी फिरू लागते. दोरीला टांगलेले वजन हा भार असेल तर हे खरेच घडेल. पट्ट्याचे किंवा ब्रेकचे घर्षण हा भार असेल तर मात्र ते अशक्य आहे, कारण घर्षण वेगाच्या विरुद्धच असते आणि वेग शून्य झाला की आपण होऊन काही ढकलत नाही. `n`चे व्होल्टेज ऋण झालेले दिसले की भार कोणत्या जातीचा आहे हे पुन्हा पाहावे, आणि घर्षण असेल तर स्थिर स्रोताऐवजी वेगाचे चिन्ह पाहून दिशा बदलणारा स्रोत लिहावा.

शेवटची दुरुस्ती `R1`मध्ये आहे. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर केल्व्हिनला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना १ ओहम असलेले वळण ७३ अंशांना १.२१ ओहम होते. भार तोच असल्याने प्रवाह जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे उष्णता वाढते, त्यामुळे तापमान वाढते आणि रोध आणखी वाढतो. हे आवर्तन हाताने तीन-चार वेळा केले की आकडे जेथल्या तेथे राहू लागतात. वळण ७३ ऐवजी सुमारे ८० अंशांवर, रोध १.२३ ओहमवर आणि वेग सेकंदाला १९६ ऐवजी १८६ रेडियनवर स्थिरावतो. प्रतिमानात ही दुरुस्ती करताना रोध `tw`वर अवलंबून ठेवावा लागतो, आणि `B1`मधल्या शेवटच्या 1 च्या जागीही तोच बदलता रोध लिहावा लागतो. तो लिहायचा राहिला तर पुरवठ्याचे वॅट आणि तिन्ही खर्चांची बेरीज जुळणार नाही.